मन्याच्या रक्ताचे तीन रिपोर्ट

अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाला दोन दिवस झाले होते. वडगावच्या एक मावशी भाजीच्या प्लास्टिक क्रेटवर दुसरा क्रेट उलटा ठेवून, साडीच्या काठाने घट्ट बांधून, मन्याला दवाखान्यात घेऊन आल्या. मन्या म्हणजे दहा महिन्यांचा, करड्या पट्ट्यांचा बोका. श्रावणात रविवार पेठेत धान्याच्या पोत्यांमागे सापडला आणि तेव्हापासून मावशींच्या घरी, मागाच्या खोलीत राहायला लागला. आजारी नव्हता. जेवण चांगलं, अंगावर चमक, वजन साडेतीन किलो. नसबंदी करायची म्हणून आणला होता.

ऑपरेशनआधी मी बाहेरून आलेल्या मांजराचं रक्त दोन विषाणूंसाठी तपासतो. एक ल्युकेमिया विषाणू, म्हणजे एफईएलव्ही. दुसरा एफआयव्ही, ज्याला लोक ‘मांजराचा एड्स’ म्हणतात. दोन्ही फक्त मांजरांचे विषाणू आहेत, माणसाला होत नाहीत. हे आधी सांगून टाकतो, कारण ‘एड्स’ हा शब्द ऐकला की घरातली माणसं पहिल्यांदा मुलांना मांजरापासून लांब ओढतात.

पुढच्या पायाच्या शिरेतून थोडं रक्त घेतलं, तपासणीच्या कार्डच्या खळग्यात थेंब सोडला, वर द्रावणाचे थेंब टाकले आणि घड्याळ लावलं. कार्डवर दोन खिडक्या असतात. प्रत्येक खिडकीत ‘सी’पाशी एक रेघ उमटलीच पाहिजे, ती नसेल तर कार्डच बाद. ‘टी’पाशी रेघ आली तर पॉझिटिव्ह. दहाव्या मिनिटाला एफआयव्हीच्या खिडकीत ‘टी’ कोरं होतं. ल्युकेमियाच्या खिडकीत मात्र फिकट गुलाबी रेघ होती. नखाने ओरखडा काढावा इतकी बारीक, पण होती.

मावशींनी ती माझ्या आधी बघितली. ‘‘डॉक्टर, आता ह्याला भाईर सोडायचं काय? खरं हा तर बरा दिसतोय की.’’

त्यांच्या घरी आधीची सहा वर्षांची मनी होती. पाच आठवडे दोघं एकाच ताटलीत दूध पीत होते, एकमेकांना चाटत होते. त्यामुळे प्रश्न एका मांजराचा नव्हता.

मन्याचे पुढचे चार महिने सांगतो, कारण या तपासणीत जे जे गोंधळाचं असतं ते बहुतेक सगळं त्याच्या तीन रिपोर्टांत आलं.

आधी, त्या कार्डने नेमकं काय शोधलं? ल्युकेमियाच्या खिडकीत कार्ड विषाणूचं एक प्रथिन शोधतं. त्याला पी-२७ म्हणतात. विषाणू शरीरात वाढत असला की हे प्रथिन रक्तात मोकळं फिरतं. म्हणजे ही रेघ मांजराच्या शरीराची प्रतिक्रिया दाखवत नाही, थेट विषाणूचा माल दाखवते. एफआयव्हीच्या खिडकीचं उलट आहे. तिथे विषाणू शोधलाच जात नाही. त्याच्याविरुद्ध मांजराच्या शरीराने बनवलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, शोधली जातात. एकाच कार्डवर शेजारी शेजारी खिडक्या असल्या तरी विचारलेला प्रश्न वेगळा आहे. पुढचा बराच गोंधळ याच एका गोष्टीतून होतो.

मन्याचा पहिला निकाल पॉझिटिव्ह आला तरी मी मावशींना ‘याला ल्युकेमिया आहे’ असं म्हटलं नाही. कारण साधा हिशोब आहे. समजा, वरवर निरोगी दिसणाऱ्या १००० मांजरांपैकी २० मांजरांना खरंच संसर्ग आहे. समजा, कार्ड खऱ्या रुग्णांपैकी ९५ टक्के पकडतं आणि निरोगी मांजरांपैकी ९८ टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह म्हणतं. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण कार्डचा दर्जा साधारण असाच चांगला असतो असं धरू. तर २० पैकी १९ पकडली जातील. उरलेल्या ९८० निरोगी मांजरांपैकी २ टक्के, म्हणजे जवळपास २०, चुकून पॉझिटिव्ह येतील. एकूण ३९ पॉझिटिव्ह, त्यातली निम्मी खोटी. कार्ड वाईट नाही. फक्त ज्या गटात आजार विरळ आहे तिथे थोडीशी चूकही खऱ्या निकालाइतकी मोठी दिसते. आता तेच कार्ड अशक्त, पांढरट हिरड्यांच्या, ताप न उतरणाऱ्या १००० मांजरांवर वापरा, जिथे समजा २०० खरंच संसर्गित आहेत. १९० खरे पॉझिटिव्ह आणि फक्त १६ खोटे. रेघ तीच, पण तिच्यावर ठेवायचा भरवसा बदलला. म्हणून निरोगी मांजराच्या एका रेघेवर मी कधीच शिक्का मारत नाही. आणि रेघ फिकट आहे म्हणून आजार हलका, असंही नसतं. वेळेत उमटलेली कुठलीही रेघ पॉझिटिव्हच धरायची आणि पुढे पडताळायची.

मी त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर तेच रक्त पुन्हा तपासलं. तिथेही रेघ आली. मग जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त भरलं, बर्फाच्या पाकिटांत ठेवलं आणि रात्रीच्या गाडीने प्रयोगशाळेला पीसीआरसाठी पाठवलं.

पीसीआर म्हणजे काय, हे मी मावशींना त्यांच्या मागावरूनच सांगितलं, आणि आजवर दुसऱ्या कुठल्या उदाहरणाने इतकं चटकन समजलेलं नाही. त्यांच्या घरात दोन जकार्डचे माग आहेत. जकार्डवर भोकं पाडलेली कार्डं असतात, त्या भोकांच्या हिशोबाने साडीवर नक्षी उतरते. ल्युकेमियाचा विषाणू पेशीत शिरला की स्वतःची नक्षी डीएनएच्या भाषेत उतरवतो आणि पेशीच्या स्वतःच्या कार्डांच्या गठ्ठ्यात एक कार्ड शिवून टाकतो. एकदा शिवलं की ते कार्ड निघत नाही. पेशीची दोन झाली की कार्डही दोन होतं. या शिवलेल्या कार्डाला प्रोव्हायरस म्हणतात, आणि पीसीआर तेच शोधते. पी-२७ म्हणजे त्या कार्डावर विणलेलं कापड.

‘‘म्हंजे कार्ड असलं तरी माग बंद असू शकतोय की,’’ मावशी म्हणाल्या.

नेमकं तेच. कार्ड गठ्ठ्यात आहे आणि माग धडधडतोय, तर रक्तात कापड सापडेल आणि पीसीआरही पॉझिटिव्ह येईल. कार्ड आहे पण माग बंद आहे, तर पीसीआर पॉझिटिव्ह आणि कार्डटेस्ट निगेटिव्ह. लोक याला ‘रिपोर्ट जुळत नाहीत’ म्हणतात. प्रत्यक्षात दोघांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलेली असतात, आणि दोन्ही खरी असू शकतात.

आठवड्याभरात रिपोर्ट आला. पीसीआर पॉझिटिव्ह. म्हणजे मन्याच्या शरीरात विषाणू शिरला होता, कार्डची रेघ खरी होती. पण एवढ्यावरून त्याचं पुढे काय होणार हे सांगता येत नव्हतं. कारण ल्युकेमियाच्या बाबतीत पॉझिटिव्ह येणं ही सुरुवात असते.

ल्युकेमियाचा विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो. एकमेकांना चाटणं, एका भांड्यात खाणं, आईचं दूध, चावा. लहान पिल्लं सहज पकडतात, वाढलेल्या मांजराचं शरीर जास्त जोरात लढतं. शरीर जिंकलं तर काही मांजरं विषाणू बसायच्या आधीच तो साफ करतात, त्यांच्यात कार्डही शिवलं जात नाही किंवा शोधता येण्याइतकं राहत नाही. काही मांजरांत कार्ड शिवलं जातं, काही काळ माग चालतो, मग शरीर माग बंद पाडतं. याला रिग्रेसिव्ह, म्हणजे माघार घेतलेला, संसर्ग म्हणतात. आणि काही मांजरांत शरीर हरतं, विषाणू हाडांच्या मगजात पोचतो आणि माग कायमचा चालू राहतो. हा प्रोग्रेसिव्ह संसर्ग. यातली बहुतेक मांजरं पुढच्या काही वर्षांत रक्तक्षय, लिम्फोमा नावाचा कर्करोग किंवा प्रतिकारशक्ती ढासळल्याने जातात, आणि जिवंत असेपर्यंत लाळेतून विषाणू पसरवत राहतात.

पहिल्या दिवशी माघार घेणारा मन्या आणि हरणारा मन्या दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हीकडे रेघ, दोन्हीकडे पीसीआर पॉझिटिव्ह. काही प्रयोगशाळा प्रोव्हायरस किंवा प्रथिन किती आहे ते मोजूनही सांगतात आणि त्यावरून अंदाज बांधता येतो. पण भरवशाचं उत्तर काळच देतो. नव्याने लागलेला संसर्ग कुठल्या बाजूला झुकतो हे ठरायला १६ आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून पुन्हा तपासायचं. आधीची तपासणी चुकली असा त्याचा अर्थ होत नाही. मन्याचं शरीर अजून लढत होतं, निकाल लागायचा होता, म्हणून थांबायचं.

या चार महिन्यांत काय करायचं, हे मावशींना कागदावर मराठीत लिहून दिलं. मन्या मागच्या खोलीत, मनी पुढच्या. ताटल्या वेगळ्या, वाळूचा ट्रे वेगळा, मन्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे. हा विषाणू मांजराच्या बाहेर फार टिकत नाही, साध्या साबणाने मरतो. त्यामुळे फिनाईलने घर धुवायची, चादरी जाळायची गरज नाही. (फिनाईल तर मांजराला विषारीच आहे, घरात मांजर असेल तर वापरूच नका.) नसबंदी सहा आठवडे पुढे ढकलली, कारण शरीर लढत असताना त्यावर ऑपरेशनचा ताण घालावा असं मला वाटलं नाही.

मनीचं रक्त मी त्याच दिवशी तपासलं. निगेटिव्ह. पण या निगेटिव्हला तेव्हा फारसा अर्थ नव्हता. संसर्ग लागल्यावर पी-२७ रक्तात दिसायला साधारण ३० दिवस लागू शकतात, कधी जास्तही. मनी कालपर्यंत मन्याच्या ताटलीत दूध पीत होती. म्हणजे तिची गणती वेगळं केल्याच्या दिवसापासून सुरू करायची आणि किमान ३० दिवसांनी पुन्हा बघायचं. एफआयव्हीचा प्रश्न असता तर हीच मुदत ६० दिवस, कारण शरीराला अँटिबॉडी बनवायला वेळ लागतो. पुष्कळदा लोक भांडून आलेल्या बोक्याला दुसऱ्या दिवशी आणतात, ‘चावा घेतलाय, एफआयव्ही बघा’ म्हणून. त्या दिवशीची तपासणी फक्त एवढंच सांगते की जुना संसर्ग आहे का. कालच्या चाव्याचं उत्तर दोन महिन्यांनीच मिळेल.

सहा आठवडे झाले तेव्हा दिवाळी दोन दिवसांवर होती. मावशी दोघांना घेऊन आल्या, या वेळी मन्या खऱ्या मांजराच्या बास्केटमध्ये होता. मनीचं कार्ड पुन्हा निगेटिव्ह. मन्याचं कार्ड ठेवलं. दहा मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. ‘सी’ उमटलं, ‘टी’ कोरं राहिलं. मी दिव्याखाली तिरकं धरून बघितलं, काही नाही.

रक्त पुन्हा पीसीआरला पाठवलं. पॉझिटिव्ह.

हाच तो न जुळणारा रिपोर्ट. मावशींच्या मुलाने मोबाइलवर दोन्ही वाचले आणि विचारलं की आता कुणाचं खरं धरायचं. सहा आठवड्यांपूर्वी ज्यांना मागाचं उदाहरण समजलं होतं त्या मावशींनीच त्याला उत्तर दिलं, ‘‘कार्ड हाय, माग बंद पडलाय.’’ मी फक्त एक दुरुस्ती केली. बंद पडतोय असं दिसतंय, पण एका तपासणीवरून कायमचा बंद म्हणायचं नाही. काही मांजरांत प्रथिनाचं प्रमाण कार्ड पकडेल त्या रेषेच्या आसपास खाली-वर होत राहतं. म्हणून १६ आठवड्यांनी तिसरी तपासणी.

याच्या उलटा न जुळणारा रिपोर्टही येतो, आणि तो वेगळ्या तऱ्हेने वाचायचा असतो. कार्ड पॉझिटिव्ह, पीसीआर निगेटिव्ह. म्हणजे कापड सापडलं, पण विणणारं कार्ड कुठेच नाही. अशा वेळी माझा पहिला संशय कार्डटेस्टवर जातो. त्याच दिवाळीत निपाणीहून एक तरुण आला होता. त्याच्या मांजरीला दुसरीकडे ल्युकेमिया सांगितला होता आणि ‘घरातल्या बाकीच्या मांजरांसाठी’ तिला संपवायचा सल्ला मिळाला होता. पुरावा म्हणून मोबाइलमध्ये कार्डचा फोटो होता, त्यात फिकट रेघ दिसत होती. मी फोटोचा तपशील उघडून वेळ बघितली आणि त्याला आठवायला सांगितलं की रक्त कधी घेतलं. हिशोब केला तर फोटो रक्त घेतल्यानंतर पाऊण तासाने काढलेला निघाला. कार्ड ठरलेल्या वेळेत वाचायचं असतं, ती वेळ पाकिटावर छापलेली असते. त्यानंतर द्रावण सुकायला लागलं की रंग जागच्या जागी चिकटतो आणि जिथे रेघ नसावी तिथे सावली उमटते. ती रेघ धरायची नसते. माझ्या समोर ताजं रक्त, नवं कार्ड, दहाव्या मिनिटाला ‘टी’ कोरं. पीसीआरही निगेटिव्ह. ती मांजर आज निपाणीतच आहे, आणि तो फोटो आठवला की मला अजून त्रास होतो.

सगळ्याच उलट्या रिपोर्टांत चूक कार्डचीच असते असं मात्र नाही. क्वचित विषाणू रक्तात नसतो, एखाद्या अवयवात, स्तनाच्या ग्रंथीत किंवा लघवीच्या पिशवीच्या अस्तरात, दडून राहतो आणि प्रथिन तेवढं बाहेर सोडत राहतो. क्वचित विषाणूचा प्रकार असा असतो की पीसीआरच्या ठरीव खुणांना तो जुळत नाही. कधी नमुनाच वाटेत खराब होतो. म्हणून कार्ड पॉझिटिव्ह आणि पीसीआर निगेटिव्ह आलेल्या मांजराचंही काही आठवड्यांनी ताजं रक्त घेऊन पुन्हा तपासावं लागतं, आणि तोवर त्याला बाकीच्या मांजरांपासून वेगळं ठेवावं.

एक गोष्ट मी आता दवाखान्यात लिहूनच लावली आहे. लस द्यायच्या आधी रक्त घ्यायचं. ल्युकेमियाच्या लसीतच विषाणूची प्रथिनं असतात, त्यामुळे लस टोचल्यानंतर लगेच घेतलेल्या रक्तात कार्ड त्याच प्रथिनांना पकडू शकतं. आपल्याकडे मांजरांना जी नेहमीची तीन आजारांची लस देतात तिच्यात ल्युकेमिया नसतो. त्यामुळे तिने हा घोटाळा होत नाही, आणि ती टोचली म्हणून ल्युकेमियापासून संरक्षणही मिळत नाही. ‘सगळी इंजेक्शनं झालीत, ल्युकेमिया कसा होईल’ असं मला दर महिन्याला कुणीतरी म्हणतं.

आता एफआयव्हीकडे थोडं वळतो, कारण तिथे हेच शब्द वापरले जातात आणि अर्थ उलटा होतो. खानापूरच्या एका शिक्षिकेने रानाच्या कडेला आलेल्या मांजरीची दोन पिल्लं वाचवली होती, तीन महिन्यांची. दोघांचं एफआयव्ही कार्ड पॉझिटिव्ह आलं. आईचंही आलं, तिच्या कानाला जुन्या चाव्यांच्या खुणा होत्या. बाईंना वाटलं, पिल्लांना आईपासून एड्स लागला. पण एफआयव्हीचं कार्ड अँटिबॉडी शोधतं, आणि पिल्लाला जन्मल्यावरच्या पहिल्या चिकातून आईच्या अँटिबॉडी आयत्या मिळतात. पिल्लाला संसर्ग नसला तरी आईच्या त्या अँटिबॉडी रक्तात राहतात आणि सहा महिन्यांपर्यंत रेघ उमटवू शकतात. प्रत्यक्षात आईकडून पिल्लाला एफआयव्ही लागणं विरळच. हा विषाणू मुख्यतः खोल चाव्यातून जातो, म्हणून नसबंदी न झालेले, भांडकुदळ बोके यात पुढे.

म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचं पॉझिटिव्ह एफआयव्ही कार्ड म्हणजे पिल्लाचा निकाल नसतोच. तो आईचा असतो. बाईंनी पिल्लं सात महिन्यांची झाल्यावर पुन्हा आणली. दोन्ही निगेटिव्ह. सहा महिन्यांनंतरही रेघ आली असती तर ती पिल्लाची स्वतःची धरावी लागली असती.

इथे कुणी विचारेल की मग थांबायचं कशाला, पिल्लाची पीसीआरच करा. ल्युकेमियात जी पीसीआर इतकी कामाची आहे, ती एफआयव्हीत तितकी भरवशाची नाही. एफआयव्हीचे उपप्रकार बरेच आहेत आणि विषाणू सतत बदलत असतो, त्यामुळे पीसीआर ज्या खुणा शोधते त्या काही मांजरांत सापडतच नाहीत. पीसीआर पॉझिटिव्ह आली तर संसर्गाच्या बाजूने वजन पडतं, पण निगेटिव्ह आली म्हणून एफआयव्ही नाही असं म्हणता येत नाही. वाढलेल्या मांजराचं एफआयव्ही कार्ड पॉझिटिव्ह आणि पीसीआर निगेटिव्ह आली, तर मी कार्ड सोडून देत नाही. वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या प्रथिनावर चालणारं कार्ड वापरून पुन्हा बघतो. परदेशात एफआयव्हीची लस घेतलेली मांजरंही अँटिबॉडीमुळे पॉझिटिव्ह येऊ शकतात. आपल्या भागातल्या गल्लीतल्या बोक्याला हा प्रश्न येत नाही, पण कुणी ऑस्ट्रेलियाहून मांजर घेऊन आलं तर विचारून घ्यावं.

आणि ल्युकेमियात पिल्लाला हा आईच्या अँटिबॉडीचा घोळ होत नाही. तिथे कार्ड विषाणूचं प्रथिन शोधतं, आईने दिलेली अँटिबॉडी तिथे रेघ उमटवत नाही. त्यामुळे तीन महिन्यांच्या पिल्लाची ल्युकेमियाची रेघ आणि एफआयव्हीची रेघ, एकाच कार्डवर असल्या तरी, एकसारख्या वाचायच्या नसतात.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मन्याचे १६ आठवडे भरले. मावशींनी येताना तिळाच्या वड्या आणल्या होत्या, डबा टेबलावर ठेवला आणि मन्याला स्वतः धरलं. कार्ड निगेटिव्ह. एफआयव्हीच्या खिडकीतही काही नाही, आणि रविवार पेठेतल्या त्याच्या आयुष्यातल्या भांडणांना आता ६० दिवस केव्हाच उलटून गेले होते, म्हणून ते निगेटिव्हही आता पक्कं धरता आलं. पीसीआर पुन्हा पॉझिटिव्ह, पण या वेळी प्रयोगशाळेने प्रोव्हायरसचं प्रमाण पहिल्यापेक्षा बरंच कमी झाल्याचं लिहिलं होतं.

माघार घेतलेला संसर्ग. मन्या आता लाळेतून विषाणू सोडत नाही, म्हणून मनीपासून वेगळं ठेवायची गरज उरली नाही. पण कार्ड त्याच्या गठ्ठ्यात आयुष्यभर राहणार. त्याचं रक्त दुसऱ्या मांजराला कधीच द्यायचं नाही, कारण रक्तातून ते कार्ड दुसऱ्याच्या शरीरात जाऊन तिथे माग सुरू करू शकतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, विशेषतः बरेच दिवस चालणारी स्टिरॉइडं, द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी हे सांगायचं, कारण बंद माग पुन्हा सुरू होऊ शकतो. असं होण्याची शक्यता जसजसा काळ जाईल तसतशी कमी होत जाते, पण शून्य होत नाही. म्हणून कधी ताप राहिला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, वजन उतरायला लागलं तर पहिल्यांदा कार्डटेस्ट पुन्हा करायची. या वेळी पीसीआर करण्यात अर्थ नाही, कारण ती बहुधा पॉझिटिव्हच येणार. माग चालू झालाय का ते कार्डटेस्टच सांगेल.

मी हे सगळं मन्याच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं. मावशींनी ती फाईल मागून घेतली, पिशवीतून मागाच्या हिशोबाची वही काढली आणि शेवटच्या पानावर स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलं. ‘मन्या. रक्त द्यायचं नाही. स्टिरॉइड आधी विचारायचं. ताप आला तर कार्ड.’ मग त्यांनी मन्याची बास्केट उचलली आणि म्हणाल्या, ‘‘मनी चार महिने त्या दारापाशी बसून हाय, आता उघडतो.’’